आठशेचा हप्ता, आठशे सव्वीसचा भुर्दंड

"क्रेडिट कार्डच्या नादी लागू नका, बँका लुटतात. त्यापेक्षा ‘बाय नाऊ पे लेटर’ वापरा. हे कर्ज नाहीच, नुसती उधारी आहे. व्याज शून्य. सिबिलला पत्ताही लागत नाही. आणि हप्ता चुकलाच तर पन्नास-शंभर रुपये दंड, बाकी काही नाही. सर्व ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज दसरा-दिवाळीच्या खरेदीत मला तीन ग्रुपवरून आला. सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा आणि घरचा. घरच्या ग्रुपवर टाकणारा माझा सख्खा भाचा होता, चाकणला नोकरी करणारा. मी एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करतो. लोकांचे क्रेडिट रिपोर्ट वाचणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे यातलं एकेक वाक्य मला अर्जांच्या ढिगाऱ्यात रोज भेटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात ‘उधारी’ या शब्दापासून. कोपऱ्यावरच्या वाण्याकडची उधारी दोघांतली असते. तो वहीत लिहितो, आपण पगार झाला की देतो, फार तर दोन शब्द ऐकतो. पे लेटरचं बटण दाबलं की व्यवहारात तिसरा माणूस येतो. दुकानदाराला त्याचे पैसे, आपलं कमिशन कापून, एखादी बँक किंवा बिगरबँकिंग वित्तीय कंपनी, म्हणजे एनबीएफसी, देऊन मोकळी होते. दुकानदाराचा हिशोब तिथेच मिटतो. आपण ओटीपी टाकतो तेव्हा त्या कंपनीच्या कर्जाच्या करारावर सही करत असतो. ज्या ॲपचं नाव आपण घेतो, ते बहुतेक वेळा नुसतं मधलं दुकान असतं. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत लेंडिंग सर्व्हिस प्रोव्हायडर.

हे माझं मत नाही. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ८ मे २०२५ ला ती एकत्र करून नवे निर्देश दिले. त्या नियमांनुसार करार होण्याआधी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद मिळालाच पाहिजे. पैसे खरे कुणाचे, वार्षिक दर किती, उशीर झाला तर काय लागेल, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं त्यात असतं. भाच्याला मी विचारलं, "तुझं कर्ज कुणाचं आहे?" त्याने ॲपचं नाव सांगितलं. ईमेल उघडायला लावला, तर स्पॅमच्या फोल्डरमध्ये पीडीएफ पडलेली. त्यात दिल्लीच्या पत्त्याची एक वित्तीय कंपनी होती, जिचं नाव त्याने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. "मामा, मी यांच्याकडून कधी कर्ज घेतलं?" असं तो म्हणाला. चार वेळा घेतलं होतं.

कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव कुठेच सापडत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर जुलै २०२५ पासून डिजिटल लेंडिंग ॲपची यादी आहे, तिथे ते ॲप कुठल्या बँकेशी किंवा एनबीएफसीशी जोडलंय ते बघता येतं. एक लक्षात ठेवायचं: यादीतली माहिती कंपन्यांनीच भरलेली असते. यादीत नाव असणं म्हणजे रिझर्व्ह बँकेने पाठ थोपटली असा अर्थ नाही. पण यादीत नावच नसेल तर मात्र तिथून लांब राहिलेलं बरं.

दुकानदार वेगळा आणि कर्ज देणारा वेगळा, याचा चटका कुठे बसतो? वस्तू परत करताना. आमच्याच घरी मिक्सर मागवला, भांड्याचं झाकण तडकलेलं निघालं, परत पाठवला. दुकानाने परतावा मंजूर केला, पण तो कर्ज देणाऱ्या कंपनीपर्यंत पोचायला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत हप्त्याची तारीख येऊन गेली. घरात मिक्सर नाही, पण मिक्सरचा हप्ता मात्र कापला गेला. पुढे तो परत आला हे खरं. खात्यात पैसे नसते तर आधी दंड लागला असता आणि मग तो काढून घ्यायला भांडत बसावं लागलं असतं. कार्डाने घेतलेल्या वस्तूबद्दल भांडण झालं तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे गेलेले पैसे परत, मागता येतो. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे या नेटवर्कनी त्याची पद्धत आणि मुदती ठरवून दिलेल्या आहेत. पे लेटरच्या मागे असं नेटवर्क उभं नसतं. दुकान कंपनीकडे बोट दाखवतं आणि कंपनी दुकानाकडे.

आता शून्य व्याजाकडे येऊ. हे सरसकट खोटं नाही. पंधरा दिवसांनी किंवा महिनाअखेरीला एकरकमी फेडायचं असेल आणि ते वेळेवर फेडलं, तर बऱ्याच ठिकाणी खरंच एक रुपयाही जास्त जात नाही. तो खर्च दुकानदार कमिशनमधून सोसतो. ग्राहक जास्तीची खरेदी करतो, म्हणून ते त्याला परवडतं. पण तीन किंवा सहा हप्त्यांची ऑफर आली की पावतीच्या तळाशी एक ओळ येते: प्रोसेसिंग फी. ‘फक्त १९९’.

हे १९९ जरा सावकाश बघा. समजा ६,००० रुपयांची वस्तू, तीन समान हप्ते, व्याज शून्य, फी १९९. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे झाले साधारण २३५. आता आपण किती पैसे किती दिवस वापरले ते मोजू. पहिला हप्ता एका महिन्याने असेल तर पहिला महिना ६,०००, दुसरा ४,००० आणि तिसरा २,००० रुपये आपल्याकडे राहिले. म्हणजे १२,००० रुपये एक महिना वापरल्यासारखं झालं. त्यावर २३५ म्हणजे महिन्याला जवळपास दोन टक्के, वर्षाला साडेतेवीसच्या आसपास.

पण पुष्कळ ऑफरमध्ये पहिला हप्ता खरेदीच्या वेळीच द्यायचा असतो. मग कर्ज मुळात ४,००० रुपयांचंच झालं. पहिला महिना ४,०००, दुसरा २,०००, एकूण ६,००० रुपये एक महिना. फी तेवढीच, २३५. दर महिन्याला ३.९ टक्के, वर्षाला सत्तेचाळीस. ज्या क्रेडिट कार्डाला मेसेजमध्ये लुटारू म्हटलंय, त्याचा चढा दर महिना साडेतीन टक्क्यांच्या जवळपास असतो. म्हणजे ‘शून्य व्याज’वाला त्याच्याही वर गेला, आणि हप्ते सगळे वेळेवर भरून.

रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. व्याज बहुधा फीच्या नावाखाली लपवलेलं असतं. आज की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये वार्षिक टक्केवारी दर, एपीआर, द्यावा लागतो आणि त्यात फी धरावीच लागते. त्यामुळे जाहिरातीत ० आणि त्या कागदावर २४ किंवा ४७ असं दिसलं तर चक्रावू नका. कागदावरचा आकडा खरा. मात्र उशिराचा दंड एपीआरमध्ये नसतो, कारण तो लागेलच असं नाही. तो त्याच कागदावर, पण वेगळ्या रकान्यात असतो. लोक एपीआर बघून थांबतात आणि तो रकाना राहून जातो.

सिबिलबद्दलचं वाक्य वाचून तर मला हसू आलं. डिजिटल कर्जांच्या नियमांत रिझर्व्ह बँकेने मुद्दाम लिहिलंय की दुकानाच्या प्लॅटफॉर्मवर दिलेली अल्पमुदतीची उधारी आणि ‘डिफर्ड पेमेंट’सुद्धा क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवलीच पाहिजे, रक्कम कितीही लहान असो आणि मुदत कितीही कमी. अशा कंपन्या आपल्याकडे चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्यातून किमान दोनदा, पंधरा तारखेची आणि महिनाअखेरची, जाते. पूर्वी महिन्याने जायची. कुणी कळवायचं चुकवत असेल तर ती त्या कंपनीची कसूर झाली, योजनेची सवलत नव्हे.

रिपोर्टमध्ये ती दिसते कशी, ते कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो. क्रेडिट कार्ड हे एक खातं. तुम्ही महिन्यात चाळीस वेळा स्वाइप करा, रिपोर्टमध्ये एकच ओळ: मर्यादा इतकी, थकबाकी इतकी. पे लेटर काही ठिकाणी अशीच एक मर्यादा म्हणून नोंदवलं जातं, पण काही ठिकाणी प्रत्येक खरेदी हे स्वतंत्र कर्ज म्हणून जातं. असे रिपोर्ट मी पाहिलेत की स्क्रोल करून बोट दुखावं. ७४९ रुपयांचं कर्ज, बंद. १,२९९ चं कर्ज, बंद. ५६० चं कर्ज, चालू. प्रत्येकापुढे वेगळी कंपनी. चुकवेगिरी कुठेच नाही, तरी कर्ज समितीत कुणीतरी विचारतंच, "हा माणूस साडेपाचशे रुपयांसाठी कर्ज का काढतो?" माणूस बिचारा कॅशबॅकसाठी काढत असतो, पण कागद ते सांगत नाही.

एक अर्ज विशेष लक्षात राहिलाय. पगारदार बाई, नवराही नोकरीत, अठरा लाखांचं घरकर्ज हवं होतं. पगार, कागद, जागा, सगळं चोख. रिपोर्टमध्ये शेवटून तिसऱ्या पानावर एक खातं: मूळ हप्ता ३४० रुपये, थकीत दिवस सव्वाशेच्या वर. बाईंना आठवेच ना. मग लक्षात आलं की मागच्या वर्षी जेवण मागवलं होतं, पुढच्याच आठवड्यात फोन बदलला, नंबरही बदलला, आणि ते ॲप नव्या फोनमध्ये घेतलंच नाही. आठवण करून देणारे सगळे मेसेज बंद झालेल्या नंबरवर जात राहिले. दंड धरून ३४० चे चौदाशेच्या पुढे गेले होते.

पैसे त्यांनी त्याच दिवशी भरले असते. अडचण पुढेच होती. वसुलीवाल्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, सहाशे द्या, मिटवून टाकतो." मी त्यांना थांबवलं. कमी रकमेवर मिटवलेल्या खात्यापुढे रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ लागतं, ‘क्लोज्ड’ नव्हे. ‘सेटल्ड’चा अर्थ बँकवाले असा घेतात की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. आठशे रुपये वाचवायला अठरा लाखांच्या अर्जावर डाग कशाला? त्यांनी पूर्ण रक्कम भरली, नो ड्यूज पत्र घेतलं, रिपोर्ट सुधारून यायला तीन आठवडे गेले. तोवर बिल्डरचा माणूस रोज फोन करत होता. आणि खातं बंद झालं तरी कुठल्या महिन्यात किती दिवस थकलं होतं त्याचा इतिहास पुसला जात नाही. सिबिलच्या रिपोर्टमध्ये तो छत्तीस महिने मागपर्यंत दिसतो.

रिपोर्टमध्ये न घेतलेलं किंवा फेडून टाकलेलं कर्ज चालू दिसत असेल तर त्या क्रेडिट माहिती कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिलचा तेवढा बघून थांबू नका, कारण बँक कुठला रिपोर्ट काढेल हे आपल्या हातात नसतं.

आता दंडाचं. ‘पन्नास-शंभर’ हा आकडा ॲपच्या जाहिरातीतला असेल, पण हप्ता चुकतो तेव्हा कापणारे हात दोन असतात, आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्यातला एकच माहीत आहे. भाच्याचंच उदाहरण घेतो, कारण मेसेज टाकल्यानंतर महिन्याभरात ही पाळी त्याच्यावरच आली. (त्याला विचारून लिहितोय.)

बूट घेतले, २,४०० चे. तीन हप्ते, आठशेचा एक. तारीख दर महिन्याची पाच. पगार एरवी एक तारखेला होतो, त्या महिन्यात कंपनीने सात तारखेला केला. खरेदीच्या वेळी त्याने खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी दिली होती. नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाऊस, म्हणजे एनएसीएचचा मॅन्डेट. पे लेटरमध्ये तो दिल्याशिवाय गाडी बहुधा पुढेच सरकत नाही.

पाच तारखेला सकाळी मागणी आली. खात्यात आठशे नव्हते. मागणी परत गेली. चेक परत गेला की बँक जसे पैसे लावते तसेच इथेही लावते. हा दंड कर्ज देणारा घेत नाही, आपलीच बँक घेते. सेवाशुल्काच्या तक्त्यात तो एनएसीएच रिटर्न किंवा ईसीएस रिटर्न या नावाने असतो, बँकेनुसार बहुधा अडीचशे ते पाचशेच्या दरम्यान. त्याच्या बँकेचे २५० अधिक जीएसटी ४५, म्हणजे २९५. ते त्या दिवशी कापलेही गेले नाहीत, कारण खात्यात तेवढेही नव्हते. येणं म्हणून नोंदले गेले.

सात तारखेला सकाळी कंपनीने मागणी पुन्हा पाठवली. पगार दुपारी दोनला जमा झाला. मागणी सकाळीच परत गेली होती. आणखी २९५. पगार आला तसे बँकेने ५९० उचलले. ॲपने स्वतःचा उशिराचा दंड २०० आणि त्यावर जीएसटी ३६ लावला. संध्याकाळी भाच्याने ॲपमध्ये जाऊन यूपीआयने सगळं भरलं. आठशेचा हप्ता, दोन दिवसांचा उशीर, आणि वरचा खर्च ८२६ रुपये. हप्त्यापेक्षा जास्त!

ॲपवर ‘लेट फी २३६’ एवढंच दिसत होतं, म्हणून त्याला वाटलं तेवढ्यावर निभावलं. ५९० पासबुकात दोन वेगळ्या ओळींत, ‘ACH RTN CHG’ अशा काहीतरी त्रोटक नावाने होते. तारीखही हप्त्याची नव्हती, पगाराची होती. ज्याला माहीत नाही तो हे दोन्ही जोडूच शकत नाही. छुपा खर्च म्हणतात तो असा, वेगळ्या पासबुकात आणि वेगळ्या तारखेला पडलेला.

हाच २,४०० चा खर्च क्रेडिट कार्डावर असता, बिलाची तारीख पाचच असती आणि त्याने स्वतःहून सातला पूर्ण बिल भरलं असतं तर? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय कार्डवाल्याला लेट फी लावता येत नाही आणि खातं थकीत म्हणून कळवताही येत नाही. पण बिनव्याजी मुदत मात्र हुकते. खरेदीपासून चाळीस दिवस धरले आणि महिना साडेतीन टक्के, तर व्याज ११० च्या आसपास, त्यावर जीएसटी, मिळून १३० रुपये. ८२६ समोर १३०. अर्थात कार्डाच्या बिलालाही त्याने ऑटोपे लावला असता तर बँकेचा रिटर्न चार्ज तिथेही लागलाच असता. फरक एवढाच की कार्डाला ऑटोपे लावायचा की नाही हे आपण ठरवतो.

म्हणून कार्ड चांगलं, असा निष्कर्ष कुणी काढू नये. मेसेजमधलं पहिलं वाक्य रागाने लिहिलंय, पण त्यात तथ्य आहे. ४०,००० चं बिल, त्यातले किमान देय दोन हजार भरून बाकी पुढे ढकलणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात. उरलेल्या ३८,००० वर साडेतीन टक्के म्हणजे १,३३०, त्यावर जीएसटी, मिळून जवळपास १,५७० रुपये एका महिन्याचे. शिवाय नव्या प्रत्येक खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. वर्षानुवर्षं मुद्दल हलत नाही. पे लेटरच्या कर्जाला निदान शेवट असतो, तीन हप्ते म्हणजे तीन हप्ते. कर्जावरच्या व्याजाला जीएसटीही नाही, कार्डाच्या व्याजाला आहे. आणि दंडाच्या बाबतीत पे लेटर घेणाऱ्याला नियमाचं एक कवच आहे जे कार्डवाल्याला त्याच रूपात नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला कर्जांवरच्या दंडाचा नियम काढला, नव्या कर्जांना तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्याप्रमाणे दंड ही व्याजदरात मिसळायची गोष्ट नाही, वेगळी रक्कम म्हणूनच लावायची, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. दंड वाजवी आणि चुकीच्या प्रमाणात हवा. क्रेडिट कार्ड या परिपत्रकातून वगळलेलं आहे, त्याचे नियम वेगळे. पण ‘वाजवी’ म्हणजे किती रुपये, ते परिपत्रकात कुठेच नाही. तिथेच सगळी मोकळीक आहे.

खरा धोका मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. कार्डाचं बिल एक असतं, त्यामुळे ते बघून पोटात गोळा तरी येतो. पे लेटरचे चार ॲप, प्रत्येकाची तारीख वेगळी, कुठे तीन, कुठे पाच, कुठे बारा. भाच्याच्या त्याच महिन्यात असे तीन हप्ते होते. एकूण रक्कम दोन हजारसुद्धा नव्हती. पण पगार आणखी आठवडाभर लांबला असता तर तिन्ही मागण्या परत गेल्या असत्या, आणि प्रत्येक परतीला २९५. बँकेचा हा चार्ज हप्ता केवढा ते बघत नाही. ३४० चा असो की ३४ हजारांचा, आकडा तोच. त्यामुळे हप्ता जेवढा छोटा, तेवढा चुकल्यावर तो महाग पडतो. ‘छोटे छोटे हप्ते, काही टेन्शन नाही’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

वसुलीच्या फोनबद्दलही थोडं, कारण मुलं घाबरतात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला परवानगी नाही. घरच्यांना, मित्रांना फोन करून बदनामी करणं नियमबाह्य आहे. ॲपला तुमची फोनबुक, कॉलची यादी, फोटोंची गॅलरी उघडायचीही मुभा नाही. कॅमेरा, माइक आणि लोकेशन केवायसीपुरतं एकदा मागता येतं, तेही विचारून. ‘उद्या पोलीस येतील’ म्हणतात ते मात्र पूर्ण हवेतलं नाही. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या पंचविसाव्या कलमात पैसे नसल्यामुळे असा मॅन्डेट परत जाणं हा चेक बाउन्ससारखाच गुन्हा आहे. पण त्यासाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर गुन्हा होत नाही. फोनवर धमकी ऐकली म्हणजे नोटीस मिळाली असं नव्हे. आणि मॅन्डेट रद्द केला की सुटलो, असंही नव्हे. त्याने फक्त कापाकापी थांबते, देणं जागेवरच राहतं आणि थकीत दिवस मोजले जात राहतात.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. त्याला मी ती स्पॅममधली पीडीएफ पुन्हा उघडायला लावली. दंडाच्या रकान्यात लिहिलं होतं: १,००० पर्यंतच्या हप्त्याला १०० रुपये. ॲपने २०० लावले होते. की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये जे नाही ते मागता येत नाही. शिवाय कर्जाच्या दंडावर जीएसटी लागत नाही असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे, म्हणजे ते ३६ सुद्धा चुकीचे. त्याने ॲपच्या चॅटवर वाद घालणं सोडलं आणि पीडीएफमध्ये दिलेल्या, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. कर्ज क्रमांक, तारखा, दंडाचा स्क्रीनशॉट आणि त्या रकान्याचा फोटो, चार ओळींचा मजकूर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते, हेही शेवटी लिहिलं. नवव्या दिवशी १३६ रुपये परत आले.

बँकेत मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो. तक्त्यात चार्ज लिहिलेला होता, त्यामुळे हक्काने मागण्यासारखं काही नव्हतं. शाखा व्यवस्थापकांनी एक २९५ सौजन्य म्हणून सोडले, दुसरे नाही. हप्त्याची तारीख दहा करून मागितली, तर चालू कर्जाची तारीख बदलता येत नाही असं कंपनीने कळवलं. मग त्याने उरलेला शेवटचा हप्ता आधीच भरून खातं बंद केलं आणि मॅन्डेट रद्द करून घेतला. बुटांचा तळ तोवर एका बाजूने सुटायला लागला होता.